छेदात कोण आहे? क्षयरोगाच्या एका उदाहरणातून इन्सिडन्स, प्रिव्हॅलन्स आणि स्क्रीनिंग चाचणीची सेन्सिटिव्हिटी

सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या परीक्षेत इन्सिडन्स, प्रिव्हॅलन्स आणि सेन्सिटिव्हिटी यांची सूत्रे बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतात, पण उपकेंद्राचे रजिस्टर समोर ठेवून दर काढायला सांगितले की उत्तर चुकते. ही चूक गुणाकार-भागाकाराची नसते. रेषेच्या वर, म्हणजे अंशात कोणाला धरायचे आणि रेषेच्या खाली, म्हणजे छेदात कोणाला धरायचे, हे ठरवण्याआधीच आकडे मांडले गेलेले असतात. म्हणून या लेखात क्षयरोग हा एकच आजार आणि एकच उपकेंद्र घेऊन तिन्ही मापे क्रमाने काढली आहेत, आणि प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न छेदाचा ठेवला आहे. उपकेंद्राचे आकडे शिकवण्यासाठी मानलेले आहेत; जिथे देशपातळीवरील खरा आकडा वापरला आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

पायरी पहिली : रजिस्टर वाचणे

सपाट प्रदेशातल्या उपकेंद्राच्या निकषाप्रमाणे आपल्या उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० आहे असे मानू. १ जानेवारी रोजी या लोकसंख्येतील ६ जण क्षयरोगाचे उपचार घेत आहेत. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत रजिस्टरमध्ये १३ नवी नावे चढली. या १३ पैकी १२ जणांचे निदान याच वर्षी, याच गावांत राहत असताना झाले. तेरावा रुग्ण शहरात कामाला होता. त्याचे निदान तिथेच झाले, दोन महिन्यांचे उपचारही तिथेच झाले, आणि नंतर तो गावी परतल्यामुळे त्याचे उपचार आपल्याकडे वर्ग करण्यात आले. वर्षभरात एकूण ११ जणांचे उपचार पूर्ण झाले, एकाचा मृत्यू झाला आणि एक रुग्ण कुटुंबासह दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेला. म्हणजे ३१ डिसेंबरला पुन्हा ६ जण उपचारांवर उरले.

आकडेमोड करण्यापूर्वी ही माहिती अशी वाक्यांत लिहून काढण्याची सवय लावून घ्यावी. रजिस्टरमधले प्रत्येक नाव एकाच प्रकारचे नसते. काही नावे आधीपासूनची असतात, काही खरोखर नवी असतात आणि काही केवळ आपल्या रजिस्टरसाठी नवी असतात. या तीन गटांची सरमिसळ झाली की पुढचे प्रत्येक उत्तर बिघडते.

पायरी दुसरी : प्रिव्हॅलन्स

एखाद्या ठरावीक वेळी लोकसंख्येतील किती जणांना आजार आहे, हे प्रिव्हॅलन्स सांगते. आजार काल झाला की पाच वर्षांपूर्वी, हे इथे विचारले जात नाही. १ जानेवारी या एका दिवसाचे प्रिव्हॅलन्स, म्हणजे पॉइंट प्रिव्हॅलन्स, असे निघते :

```
(६ ÷ ५,०००) × १,००,००० = १२०
```

म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे १२० रुग्ण. इथे छेदात सर्व ५,००० लोक आहेत, त्या ६ रुग्णांसह, कारण एकूण लोकांपैकी किती आजारी आहेत असाच आपला प्रश्न आहे.

प्रश्न संपूर्ण वर्षाचा असेल, म्हणजे या वर्षात कधीतरी आजारी असलेले किती, तर ते पिरियड प्रिव्हॅलन्स होते. त्यात आधीचे ६, नवे १२ आणि वर्ग होऊन आलेला १ असे १९ जण धरावे लागतात, आणि उत्तर दर लाख ३८० येते. त्याच गावांचा, त्याच आजाराचा आकडा एकदा १२० आणि एकदा ३८० येऊ शकतो, म्हणून अहवालात नुसते प्रिव्हॅलन्स न लिहिता कोणत्या दिवसाचे किंवा कोणत्या कालावधीचे ते लिहिणे आवश्यक आहे. घरोघरी सर्वेक्षण करताना दहा-बारा दिवस लागतात. तेव्हा प्रत्येक घरात भेटीच्या दिवसाची स्थिती नोंदवली असेल तर तेही पॉइंट प्रिव्हॅलन्सच मानले जाते.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्यावी. आपण काढलेले १२० हे रजिस्टरवरच्या रुग्णांचे प्रिव्हॅलन्स आहे. ज्यांना आजार आहे पण अजून निदान झालेले नाही, ते यात नाहीत. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रिव्हॅलन्स सर्वेक्षणात लोकांमध्ये जाऊन तपासण्या केल्या गेल्या आणि १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रिव्हॅलन्स दर लाख ३१६ आढळले. हा आकडा आपल्या १२० शेजारी ठेवून आपल्याकडे क्षयरोग कमी आहे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. सर्वेक्षणाच्या छेदात फक्त १५ वर्षांवरील लोक आहेत, आपल्या छेदात बालकेही आहेत. सर्वेक्षणाच्या अंशात तोवर न सापडलेले रुग्णही आहेत, आपल्या अंशात फक्त उपचारांवरचे आहेत.

पायरी तिसरी : इन्सिडन्स

ठरावीक कालावधीत किती जणांना आजार नव्याने झाला, हे इन्सिडन्स सांगते. येथे अंशात १३ लिहायचे की १२? शहरातून आलेल्या रुग्णाला आजार आपल्या लोकसंख्येत असताना झालेला नाही आणि त्याची नवा रुग्ण म्हणून गणना शहरात आधीच झालेली आहे. त्याला इथे पुन्हा मोजले तर राज्याच्या बेरजेत एकच माणूस दोनदा येईल. म्हणून अंशात १२. रजिस्टरमधली वर्षभराची नावे मोजून थेट तेवढाच आकडा इन्सिडन्समध्ये टाकणे ही प्रात्यक्षिक वहीत सर्वात जास्त दिसणारी चूक आहे.

छेदात मात्र यावेळी सर्व ५,००० येत नाहीत. ज्यांना आजार नव्याने होऊ शकतो, असेच लोक छेदात हवेत. १ जानेवारीला आधीच आजारी असलेले ६ जण त्यातून वगळावे लागतात.

```
(१२ ÷ ४,९९४) × १,००,००० = सुमारे २४०
```

दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २४० नवे रुग्ण. यातील 'वर्षाला' हा शब्द गाळता येत नाही, कारण कालावधी न सांगितलेल्या इन्सिडन्सला अर्थ उरत नाही.

छेदातून ६ जण वगळल्याने उत्तरात जवळजवळ काहीच फरक पडला नाही, मग हा नियम एवढा कशासाठी, असे वाटू शकते. क्षयरोग एका वेळी थोड्याच लोकांना असतो म्हणून येथे फरक दिसत नाही. मधुमेह घ्या. ३० वर्षांवरील २,००० लोकांत ३०० जणांना तो आधीपासून आहे आणि वर्षभरात ३४ नवे निघाले असे मानले, तर योग्य छेद १,७०० आहे आणि इन्सिडन्स वर्षाला २ टक्के येते. २,००० ने भागले तर ते १.७ टक्के दिसते. आजार जितका जास्त पसरलेला, तितकी ही चूक मोठी होत जाते.

मराठवाड्यातल्या अनेक गावांत आणखी एक अडचण येते. ऊसतोडणीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. आपल्या ४,९९४ लोकांपैकी १,००० जण वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतील, तर त्या काळात त्यांना खोकला सुरू झाला तरी तो आपल्याला कळणार नाही. अशा वेळी डोकी न मोजता आपल्या देखरेखीखालची वर्षे मोजतात. पूर्ण वर्ष राहिलेल्या ३,९९४ जणांची ३,९९४ वर्षे आणि अर्धे वर्ष राहिलेल्या १,००० जणांची ५०० वर्षे, मिळून ४,४९४ व्यक्ती-वर्षे झाली. १२ ला याने भागल्यास दर लाख व्यक्ती-वर्षांमागे सुमारे २६७ हे उत्तर मिळते. रुग्ण तेवढेच आहेत, पण ते शोधण्याची संधी आपल्याला कमी काळ मिळाली होती, आणि हे नवे उत्तर ती गोष्ट हिशोबात घेते.

व्यवहारात आपल्याला दिसतात ते नोंदवले गेलेले नवे रुग्ण; प्रत्यक्ष इन्सिडन्सचा तो केवळ दिसणारा भाग असतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयमुक्त भारत अभियानासारखी मोहीम राबवली की निक्षय पोर्टलवरील नोंदी वाढतात. तेव्हा आजार अचानक जास्त पसरू लागला असे म्हणणे चूक ठरेल, कारण वाढलेला असतो तो शोध.

पायरी चौथी : दोन्ही मापांचे नाते

आपल्या उपकेंद्रात वर्षाला दर लाख २४० नवे रुग्ण होतात, आणि औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे अर्ध्या वर्षाचा असतो. २४० गुणिले अर्धा, म्हणजे १२०. रजिस्टरवरचे पॉइंट प्रिव्हॅलन्स तेच होते. आजार तुलनेने विरळ असेल आणि परिस्थिती वर्षानुवर्षे साधारण स्थिर असेल, तर प्रिव्हॅलन्स हे इन्सिडन्स आणि आजाराचा सरासरी कालावधी यांच्या गुणाकाराइतके येते.

या नात्याचा उपयोग कुष्ठरोगाच्या आकड्यांत फार स्पष्ट दिसतो. बहुजीवाणू प्रकाराच्या कुष्ठरुग्णांना बहुविध औषधोपचार पूर्वी २४ महिने दिले जात, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते १२ महिन्यांवर आणण्यात आले. एखाद्या तालुक्यात दरवर्षी असे १० नवे रुग्ण सापडत असतील, तर जुन्या पद्धतीत रजिस्टरवर एका वेळी साधारण २० नावे असत आणि नव्या पद्धतीत १० उरतात. प्रिव्हॅलन्स निम्मे झाले, तरी कुष्ठरोग नव्याने होण्याचे प्रमाण तसूभरही घटलेले नाही. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी प्रिव्हॅलन्स हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर गाठले. ते वाचताना दरवर्षी नवे रुग्ण किती सापडतात आणि त्यांत बालके किती आहेत हे सोबत पाहायला हवे, कारण संसर्ग अजून चालू आहे की नाही हे त्या आकड्यांवरून कळते. उलट दिशेनेही हेच घडते : मधुमेही व्यक्ती चांगल्या उपचारांमुळे अधिक वर्षे जगू लागल्या की नवे रुग्ण तेवढेच राहूनही प्रिव्हॅलन्स वाढते, आणि ती वाढ वाईट बातमी नसते.

पायरी पाचवी : सेन्सिटिव्हिटी

आता मोहिमेकडे वळू. वीटभट्ट्या, दगडखाणी आणि दाट वस्ती असलेल्या भागातील १५ वर्षांवरील २,००० लोकांचे स्क्रीनिंग करायचे आहे. प्रत्येकाला चार लक्षणे विचारली : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे. यांपैकी एक जरी असले तरी ती व्यक्ती लक्षणांवर पॉझिटिव्ह धरली. त्याचबरोबर सर्वांचा छातीचा एक्स-रे काढला. आणि शिकण्यासाठी असे मानू की सर्वच्या सर्व २,००० जणांच्या थुंकीची सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅट यंत्रावर खात्रीची चाचणीही केली. त्या चाचणीत २० जणांना क्षयरोग असल्याचे निघाले. लक्षणांच्या प्रश्नांचा निकाल असा आला :

| | क्षयरोग आहे | क्षयरोग नाही | एकूण |
|---|---|---|---|
| लक्षण आहे | १२ | ९९ | १११ |
| लक्षण नाही | ८ | १,८८१ | १,८८९ |
| एकूण | २० | १,९८० | २,००० |

ज्यांना खरोखर आजार आहे, त्यांच्यापैकी किती जणांना स्क्रीनिंगने पकडले, हे सेन्सिटिव्हिटी सांगते. म्हणून तिचा छेद पहिल्या उभ्या रकान्याची बेरीज, २०, हाच आहे.

```
(१२ ÷ २०) × १०० = ६० टक्के
```

उरलेले ८ जण खोटे निगेटिव्ह आहेत. आजार असूनही 'तुम्हाला काही नाही' असे सांगून घरी पाठवले गेलेले हे लोक आहेत, आणि त्यांतले काही घरातल्या लहान मुलांना संसर्ग देत राहू शकतात.

याच ठिकाणी विद्यार्थी १२ ला १११ ने भागतात आणि सुमारे ११ टक्के हे उत्तर सेन्सिटिव्हिटी म्हणून लिहितात. हा आकडा निरुपयोगी नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे : स्क्रीनिंगमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? त्याला पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणतात, आणि तो आडव्या ओळीतून निघतो. सेन्सिटिव्हिटी उभ्या रकान्यातून निघते. ज्यांना आजार नाही अशा १,९८० पैकी १,८८१ जणांना बरोबर निगेटिव्ह ठरवले, ती ९५ टक्के स्पेसिफिसिटी. तीही उभ्या रकान्यातलीच.

एक्स-रेचा निकाल पाहू. २० रुग्णांपैकी १८ जणांच्या एक्स-रेत दोष दिसला, म्हणजे सेन्सिटिव्हिटी ९० टक्के. मात्र आजार नसलेल्या १,९८० पैकी १९८ जणांच्या एक्स-रेतही जुने व्रण किंवा अन्य बदल दिसले, त्यामुळे स्पेसिफिसिटी ९० टक्क्यांवर उतरली. लक्षण किंवा एक्स-रे यांपैकी काहीही पॉझिटिव्ह आले तर थुंकी तपासायची असे ठरवले आणि त्यात २० पैकी १९ रुग्ण सापडले, तर सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के होईल. त्या बदल्यात थुंकीचे नमुने गोळा करण्याचे, पाठवण्याचे आणि काही निरोगी माणसांना चार दिवस काळजीत ठेवण्याचे ओझे वाढेल. क्षयरोगासारख्या पसरणाऱ्या आणि बऱ्या होणाऱ्या आजारात हे ओझे घेणे माझ्या मते रास्त आहे, पण ते असते हे मोहिमेच्या नियोजनात आधीच धरलेले असावे.

वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हेच दिसले. छातीचा एक्स-रे काढलाच नसता आणि केवळ लक्षणांवर विसंबून राहिलो असतो, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातातून निसटले असते.

पायरी सहावी : रजिस्टरमधून सेन्सिटिव्हिटी का काढता येत नाही

आपण सर्व २,००० जणांची थुंकी तपासली असे मानले होते. प्रत्यक्ष मोहिमेत तसे होत नाही; केवळ लक्षणांवर चालणाऱ्या मोहिमेत ज्यांना लक्षणे आहेत त्यांचीच थुंकी घेतली जाते. आपल्या उदाहरणात त्या १११ जणांची थुंकी तपासली असती, १२ रुग्ण सापडले असते आणि तक्त्याच्या खालच्या ओळीतले ८ कोणालाच कळले नसते. मग अहवालात 'सापडलेल्या १२ पैकी १२ जणांना लक्षणे होती, सेन्सिटिव्हिटी १०० टक्के' असे वाक्य येते. आकडेमोड बिनचूक आहे आणि निष्कर्ष पूर्ण चुकीचा, कारण छेदात खरे रुग्ण नसून आपल्याला सापडलेले रुग्ण आहेत.

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. अहवालात सेन्सिटिव्हिटी दिसली की, स्क्रीनिंगमध्ये निगेटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांची खात्रीची चाचणी झाली, असे विचारावे. उत्तर 'एकाचीही नाही' असे असेल, तर ती सेन्सिटिव्हिटी मानू नये. सर्वांची चाचणी शक्य नसेल तर निगेटिव्ह आलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडावेत, त्यांची चाचणी करावी आणि त्यावरून सर्व निगेटिव्हमधील रुग्णांचा अंदाज बांधावा. तेवढे जमत नसेल, तर अहवालात किती जण तपासले आणि किती रुग्ण सापडले एवढेच लिहावे.

तीच प्रश्नावली रुग्णालयाच्या वॉर्डात वापरली तर तिची सेन्सिटिव्हिटी खूप जास्त दिसते, कारण वॉर्डात पोहोचलेला रुग्ण मुळात त्रास होऊ लागला म्हणूनच आलेला असतो. वस्तीत मात्र आजाराच्या सुरुवातीचे, अजून खोकला न लागलेले रुग्णही असतात. म्हणून रुग्णालयात मोजलेली सेन्सिटिव्हिटी गावातल्या मोहिमेसाठी जशीच्या तशी वापरू नये.

पायरी सातवी : प्रिव्हॅलन्स बदलले की काय बदलते

वीटभट्टीच्या भागात दर १०० लोकांत एक रुग्ण होता. तोच एक्स-रे घेऊन आपण एखाद्या सर्वसाधारण गावसमूहात गेलो, जिथे १०,००० प्रौढांत ३० रुग्ण आहेत. सेन्सिटिव्हिटी ९० टक्केच राहिली, तर २७ रुग्ण सापडतील. स्पेसिफिसिटीही ९० टक्के असल्याने आजार नसलेल्या ९,९७० पैकी ९९७ जण खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण १,०२४ पॉझिटिव्हमधून २७ खरे, म्हणजे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू २.६ टक्के, वीटभट्टीच्या भागात ती २१६ पैकी १८, म्हणजे ८.३ टक्के होती. यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि निकष सारे तेच आहे, केवळ लोकसंख्येतले प्रिव्हॅलन्स बदलले आहे. क्षयरोगाच्या सक्रिय शोधमोहिमेत जोखमीच्या वस्त्या आधी का निवडतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि पॉझिटिव्ह एक्स-रे आलेल्या माणसाशी बोलताना 'तुम्हाला टीबी आहे' असे न म्हणता 'थुंकी तपासून खात्री करू या' असेच का म्हणायचे, तेही यातून कळते.

अहवाल लिहिताना टक्केवारीच्या शेजारी मूळ आकडे अवश्य द्यावेत. आपल्या तक्त्यात रुग्ण केवळ २० आहेत. एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की सेन्सिटिव्हिटी पाच टक्क्यांनी हलते. '६० टक्के' एवढेच लिहिले तर ते २० जणांवरून काढले की २,००० रुग्णांवरून, हे वाचणाऱ्याला समजत नाही. '२० पैकी १२, म्हणजे ६० टक्के. सर्व २,००० व्यक्तींची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी झाली' असे लिहिल्यास छेद कोणता, तो कसा मिळवला आणि आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे तिन्ही एका वाक्यात सांगून होते.